जरीच्या धाग्याचं काउचिंग: टोकं मागे उतरवणं आणि ताण सांभाळणं

जरीचा धागा कापडातून आरपार ओढत भरतकाम करता येत नाही. आत सुती किंवा रेशमी गाभा असतो आणि त्यावर चपट्या तारेचा वेढा असतो. कापडातून दोनतीनदा गेला की हा वेढा सुटतो आणि आतला दोरा दिसायला लागतो. म्हणून धागा कापडावर नुसता ठेवायचा आणि बारीक दोऱ्याच्या आडव्या टाक्यांनी बसवायचा, यालाच काउचिंग म्हणतात. कापडात शिरतात ती फक्त त्याची टोकं, आणि कामाची सफाई तिथेच कळते.

उदाहरणासाठी बटव्यावरची एक कोयरी घेऊ. उंची ६ सेंटीमीटर, बाहेरची रेघ साधारण १६ सेंटीमीटर, आणि काठाने आत आत जाणारे जोडधाग्याचे तीन फेरे.

कापड रेशमी असलं तरी खाली मांजरपाट हवंच, कारण सगळा भार तेच पेलतं. दोन्ही मिळून चौकोनी फ्रेमवर इतकी ताणा की बोटाने टिचकी मारल्यावर आवाज आला पाहिजे. गोल रिंग वापरायची असेल तर पूर्ण कोयरी आत मावेल एवढी मोठी घ्या. रिंग सरकवून झालेल्या जरीवर दाबली की जर चेपते आणि पुन्हा उठत नाही. कापड हळूहळू ढिलं पडतं, म्हणून रोज कामाला बसताना आधी टिचकी मारून बघा.

जरीचे धागे पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत बघायला मिळतात. मध्यम जाडीचा घ्या, म्हणजे दोन धागे शेजारी ठेवल्यावर साधारण १ मिलिमीटर रुंदी भरेल. नखाने हलकेच उलटा घासून बघा. वेढा लगेच उचकटत असेल तर तो धागा या कामाचा नाही. शिवायला जरीच्याच रंगाचा बारीक दोरा, मधमाशीच्या मेणावरून एकदा ओढलेला, आणि १० नंबरची सुई.

आता ताणाचं. रिळाच्या टोकावरून धागा उपसून काढला, तर प्रत्येक वेढ्यागणिक त्यात एक पीळ वाढतो किंवा सुटतो. पीळ सुटणाऱ्या बाजूचा असेल तर पिवळा गाभा डोकावतो. त्यामुळे रीळ फिरवत, बाजूने धागा सोडायचा. दोन्ही धागे एकाच रिळावर एकत्र गुंडाळायचा मोह होतो, तो टाळा. कोयरीच्या एका फेऱ्यात बाहेरच्या धाग्याला आतल्यापेक्षा सुमारे अर्धा सेंटीमीटर जास्त लांबी लागते. एकत्र गुंडाळलेले धागे सारखेच सुटतात, मग आतला धागा वळणावर फुगतो आणि आपण तो ओढत बसतो. कापडात गुंडाळलेल्या पुठ्ठ्याच्या दोन नळ्या केल्या तर प्रत्येक धागा आपल्यापुरता सुटतो. फ्रेमवर ठेवल्यावर नळीचं वजन जेवढी ओढ देईल तेवढीच पुरे. जरीचा धागा ताणला जात नाही. तो खेचून शिवला तर फ्रेमवर सगळं सरळ दिसतं आणि फ्रेम सोडली की कापडाला चुण्या पडतात.

टाक्याचा ताण वेगळा. टाका धाग्याला टेकला पाहिजे, आवळला नाही पाहिजे. जरीला कंबर आल्यासारखी दिसली तर तो टाका घट्ट झाला. सुईच्या टोकाने धागा बाजूला ढकलल्यावर टाक्याखालून सरकला तर ढिला. सरळ भागात टाके ३ मिलिमीटरवर आणि वळणावर २ मिलिमीटरवर घ्या. सुई मोकळ्या बाजूने वर काढायची आणि झालेल्या फेऱ्याला लागून, किंचित त्याच्या खाली तिरकी घालायची. मग दोन फेऱ्यांत फट राहत नाही. दुसऱ्या फेऱ्याचे टाके पहिल्याच्या टाक्यांच्या मध्ये येतील असे, विटांच्या बांधकामासारखे घ्या. आतला फेरा जवळपास १ सेंटीमीटरने लहान असतो, त्यामुळे टाके जुळेनासे होतात. दोनतीन टाके कमी करून टाका, पण ते वळणावर, कारण सपाट बाजूला ते चटकन दिसतं.

प्रत्येक फेरा सुटा केला तर तीन फेऱ्यांची बारा टोकं मागे उतरवावी लागतील. सलग आत वळत गेलात तर सुरुवातीची दोन आणि शेवटची दोन, अशी चारच. त्यासाठी प्रत्येक धागा ६० सेंटीमीटर घ्या. ४५ कामाचे, टोकांना ४-४ आणि बाकी हाताळायला. सुरुवात कोयरीच्या अणकुचीदार टोकावर करू नका. तिथे आधीच दोन बाजू येऊन भिडतात, त्यात मागे शेपट्या आल्या की गाठोडं होतं. टोकापासून २ सेंटीमीटर अलीकडे, सपाट बाजूला सुरुवात करा. बाहेरचा धागा ठरलेल्या जागी आणि आतला ३ मिलिमीटर पुढे सुरू करा. फेरा फिरून परत आलेली जोडी या खाचेतून आत सरकते आणि काठाला पायरी पडत नाही. अणकुचीदार टोकाशी मात्र दोन्ही धाग्यांना एकच टाका चालत नाही. आधी बाहेरच्याला अगदी टोकावर एक टाका घ्या, मग आतल्याला थोडा मागे वेगळा. चिमट्याने कोपरा दाबून मगच पुढे वळा.

सुरुवातीची टोकं दुसरा फेरा तिथे पोहोचायच्या आत उतरवावी लागतात, नाहीतर ती त्याच्याखाली अडकतात. शेवटची शेवटी. आधी टोच्याने किंवा जाड सुईने बरोबर त्या रेषेवर भोक पाडा. मोठ्या नेढ्याच्या सुईत मजबूत दोरा दुहेरी ओवा, असा की त्याचा फास सुईच्या मागे राहील. सुई भोकात खाली घाला, पण फास वर असू द्या. जरीचं टोक सेंटीमीटरभर फासात घाला, पहिल्या टाक्यावर नख दाबून धरा आणि खालून दोरा एका झटक्यात सरळ खाली ओढा. हळूहळू ओढलं तर वेढा भोकाच्या काठाला घासून सोलतो. दोन्ही टोकं एकाच भोकातून कधी नेऊ नका; भोक रुंदावतं आणि समोरून काळा ठिपका दिसतो. टोक आत गेल्यावर धागा सपाट आडवा पडून अचानक भोकात शिरला पाहिजे. तो आधीपासूनच खाली झुकलेला दिसला तर जास्त ओढला गेलाय, वरून चिमट्याने केसभर परत वर घ्या.

मागच्या बाजूला शेपटी ज्या रेषेतून आली त्याच रेषेखाली परत दुमडा. रेषेबाहेर गेली तर समोरून फुगवटा उमटतो. तीनचार टाक्यांनी फक्त मांजरपाटाला टाचा, रेशमाला सुई लागू देऊ नका, आणि सव्वा सेंटीमीटर ठेवून बाकी कापा. दोन शेपट्या एकमेकींवर येत असतील तर एक थोडी आखूड कापा.

फ्रेम सोडण्याआधी दिवा बाजूला, कापडाच्या पातळीवर धरून बघा. फटी आणि आवळलेले टाके सावलीत लगेच उठून दिसतात. बिघडलेला टाका मागून कापा, समोरून नाही. एकदा मुडपलेली जर सरळ होत नाही, म्हणून तो भाग बदलायचाच असेल तर वळणाआधी कापून नवी टोकं उतरवावी लागतात. काम झाल्यावर त्यावर इस्त्री फिरवू नका. बटवा शिवणाऱ्यालाही हे आधीच सांगून ठेवा.