क्रोशाची डॉयली खळ आणि टाचण्या लावून एकदम गोल कशी करायची

विणून झालेली डॉयली सुईवरून उतरते तेव्हा ती बहुतेक वेळा गोल नसतेच, कुठे पाकळी आत ओढलेली असते तर कुठे कड वर उचललेली. मग बरेचजण भरपूर घट्ट खळ करतात आणि तिच्या जोरावर आकार येईल अशी वाट बघतात. पण आकार टाचण्या देतात, खळ फक्त तो धरून ठेवते, वाकडी टाचलेली डॉयली वाकडीच कडक होते. म्हणून खरी मेहनत कागदावर आणि टाचण्यांच्या क्रमात घ्यायची.

आपण साध्या कॉटनच्या दोऱ्याची, साधारण ३० सेंटीमीटर व्यासाची, १६ पाकळ्यांची डॉयली धरू.

आधी कोमट पाण्यात थोडा साबण घालून ती धुवून घ्या, कारण विणताना हाताचा मळ लागलेला असतो आणि एकदा वर खळ बसली की तो आतच राहतो. रंगीत दोरा असेल तर ओला कोपरा पांढऱ्या कापडावर दाबून रंग जातो का ते बघा. मग ओली डॉयली सपाट पसरा, हलक्या हाताने ताणा आणि तीनचार दिशांनी व्यास मोजा. ३०.५, २९.५, ३० असं काहीतरी येईल, आपण ३० धरायचं. सगळ्यात मोठं माप धरलं तर लहान बाजूचे टाके ताणले जाऊन तिथली जाळी उघडी पडते.

आता कागदावर १५ सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि कापून घ्या. ते बरोबर मध्यावर चार वेळा दुमडलं की उलगडल्यावर १६ सारखे भाग दिसतात, कोनमापक लागतच नाही. घड्यांवरून बॉलपेनने रेघा ओढा (जेल पेनची शाई ओलीत पसरते आणि पांढऱ्या दोऱ्यावर बसते), आतल्या फेऱ्यांसाठी ५ आणि १० सेंटीमीटरची वर्तुळंही काढा. शेजारशेजारच्या दोन रेघांची टोकं एकमेकांपासून जवळजवळ ५.८५ सेंटीमीटरवर हवीत, तेवढं तपासा. १२ पाकळ्या असतील तर चार भाग करून प्रत्येकाचे तीन करायचे. कागद जाड थर्माकोल किंवा फोमच्या शीटवर ठेवा आणि वरून पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणून लावा, नाहीतर डॉयली कागदाला चिकटते.

खळ अशी: एक मोठा चमचा कॉर्नफ्लॉवर पाव कप थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचं, ते पाऊण कप उकळत्या पाण्यात ओतून हलवत राहायचं आणि दुधाळपणा जाऊन पारदर्शक झालं की उतरवायचं. कोमट झाल्यावर डॉयली त्यात बुडवून सगळीकडे नीट मुरू द्या, मग दाबून काढा, पिळू नका. टॉवेलात गुंडाळून परत दाबा, कारण जास्तीची खळ जाळीच्या भोकांत पडद्यासारखी सुकते आणि दोऱ्यावर पांढरे डाग दिसतात.

टाचण्या न गंजणाऱ्याच घ्या, गंजाचा डाग कॉटनमधून सहज निघत नाही. पहिली टाचणी मध्यबिंदूत. मग समोरासमोरच्या दोन पाकळ्या, त्यांच्या काटकोनातल्या दोन, मग मधल्या चार आणि शेवटी उरलेल्या आठ. एका बाजूने ओळीने टाचत गेलात तर ताण पुढे सरकत जातो आणि शेवटच्या पाकळीला कापडच पुरत नाही. टाचणी दोऱ्यातून न घालता टोकाच्या साखळीच्या फटीतून घाला आणि तिचं डोकं बाहेरच्या बाजूला झुकलेलं ठेवा, म्हणजे ताणाने दोरा वर सरकत नाही. प्रत्येक पाकळी मध्यापासून टोकापर्यंत आपल्या रेघेवर आहे का बघा, कारण कड गोल दिसली तरी आतली नक्षी तिरकी फिरलेली असू शकते, तसं असेल तर मधली टाचणी काढून केंद्र थोडं फिरवायचं. बाहेरची कड जमली की मगच आतल्या फेऱ्या ५ आणि १०च्या वर्तुळावर बसवा, आणि भोकांत साचलेली खळ सुईच्या टोकाने फोडून टाका.

टाचल्यावरही मधला भाग वाटीसारखा वर येत असेल तर बाहेरच्या फेऱ्यांत टाके कमी पडलेत, आणि कडेला झालर पडत असेल तर जास्त झालेत. थोडा फरक ताणून जातो, पण मोठा असेल तर खळ कितीही लावा, ती फेरी उसवूनच नीट होते.

पंख्याखाली सुकू द्या, पूर्ण दिवस तरी. मध्यभाग बोटाला थंड लागला तर आत ओल आहे, तेव्हा टाचण्या काढल्या तर कड परत आत येते. सुकल्यावर टाचण्या सरळ वर ओढून काढा. डॉयली बरेच महिने कपाटात ठेवायची असेल तर मात्र खळ धुवून, कोरडी करून ठेवा, कारण खळीवर कसर लागते, आणि वापरायच्या वेळी त्याच कागदावर परत टाचून घ्या.