प्रास्ताविक कानासाठी लिहिताना या चुका टाळा

व्याख्यानाचे प्रास्ताविक बहुतेक वेळा निमंत्रणपत्रिकेतून उचललेले असते. पत्रिकेत ते शोभते, पण ध्वनिक्षेपकावर वाचले की सभागृह चुळबुळ करू लागते. दोष वाचणाऱ्याच्या आवाजाला दिला जातो, पण खरा दोष वाक्यात असतो. पुण्यातल्या कुठल्याही व्याख्यानमालेत शोभेल असा एक नमुना घेऊ:

«मुठेची उपनदी असलेल्या आंबी नदीवर बांधकाम सुरू असलेले पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी सकाळी फुटल्यामुळे खाली आलेल्या पाण्याच्या लोंढ्याने खडकवासला धरणही फुटून नदीकाठच्या शनिवार, नारायण, कसबा या पेठांसह डेक्कन जिमखान्यापर्यंत हाहाकार माजवणाऱ्या आणि ज्याच्या आठवणी आजही जुने पुणेकर सांगतात अशा पुराची कारणे उलगडणारे हे व्याख्यान आहे.»

व्याकरणाची चूक एकही नाही. पण वाक्य सत्तेचाळीस शब्दांचे आहे, आणि विषय ज्याचा आहे तो ‘पूर’ बेचाळिसाव्या शब्दाला येतो. मराठीत क्रियापद शेवटी आणि विशेषण नामाच्या आधी. ‘असलेल्या’, ‘आलेल्या’, ‘माजवणाऱ्या’ हे सगळे कशाबद्दल आहे ते कळेपर्यंत श्रोत्याला सारे डोक्यात धरून ठेवावे लागते. वाचकाची नजर मागे जाऊ शकते, कानाला ती सोय नाही. कसब्यापाशी श्रोत्याचे लक्ष सुटले, तर उरलेले वाक्य त्याच्यासाठी वाया गेले.

यावर पहिला उपाय म्हणून लोक पूर्णविराम पेरतात:

«आंबी नदीवर पानशेत धरणाचे बांधकाम सुरू होते. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी ते फुटले. त्याच्या लोंढ्याने खडकवासला धरणही फुटले. त्यामुळे तिच्या काठच्या पेठांत हाहाकार माजला. त्याची कारणे आज ऐकू.»

वाक्ये लहान झाली, पण काम अर्धेच झाले. ‘तिच्या’ म्हणजे आंबीच्या की मुठेच्या? मुठेचे तर नावच गळाले. ‘त्याची’ म्हणजे हाहाकाराची की धरण फुटण्याची? कागदावर सर्वनाम सुटसुटीत दिसते, ऐकताना ते अधांतरी राहते. शिवाय पाचही वाक्ये साधारण एकाच मापाची आहेत, त्यामुळे वाचणारा नकळत एका सुरात वाचू लागतो. आणि सुरुवातीलाच ‘आंबी’ हे नाव आहे. ते बऱ्याच जणांना अनोळखी, त्यातून पहिले शब्द खुर्च्यांच्या आवाजात बुडतात.

आता कानाचा मसुदा:

«नमस्कार. आजचा विषय आहे पानशेतचा पूर. तारीख होती १२ जुलै १९६१. त्या सकाळी पानशेतचे धरण फुटले. धरणाचे काम तेव्हा पुरते झालेलेही नव्हते. पाणी आंबी नदीतून खाली आले आणि खडकवासल्याच्या धरणावर आदळले. खडकवासलाही फुटले. मग मुठेचे पाणी पुण्यात शिरले: शनिवारात, नारायणात, कसब्यात, पार डेक्कनपर्यंत. जुने पुणेकर त्या दिवसाबद्दल आजही बोलतात. पण धरण फुटले कशामुळे? आजचे वक्ते तेच सांगणार आहेत.»

गंमत अशी की शब्द वाढले: सत्तेचाळीसचे अठ्ठावन्न. त्यामुळे शब्दमर्यादा दाखवून ‘आटोपशीर करा’ असा आग्रह धरणाऱ्या संयोजकाचे इथे ऐकू नये. सर्वांत लांब वाक्य दहा शब्दांचे आहे, म्हणजे एका श्वासात आरामात मावणारे. ‘खडकवासलाही फुटले’ हे दोनच शब्दांचे, कारण तिथे थांबून ऐकणाऱ्याला धक्का पोचू द्यायचा आहे. ‘धरण’ आणि ‘पाणी’ हे शब्द पुन्हापुन्हा आले आहेत. निबंधात ती पुनरुक्ती खटकली असती, इथे तिच्यामुळेच धागा हातात राहतो. ‘मुठेची उपनदी’ हा तपशील मात्र काढला. तो वक्ता नकाशा दाखवताना सांगेल.

उलट टोकालाही जाऊ नका. «पाणी आले. आदळले. फुटले.» असे केले की कशामुळे काय झाले ते दिसत नाही. ‘आणि’, ‘मग’, ‘पण’ हे छोटे शब्द वाक्य फोडतानाही ठेवायचे, कारण कार्यकारणाचा सांधा तेच धरतात.

तपासणी डोळ्यांनी करू नका. उभे राहून, सभेत बोलाल त्याच वेगाने वाचा आणि जिथे श्वास घ्यावा लागला तिथे पेन्सिलीने रेघ मारा. रेघ पूर्णविरामावर किंवा स्वल्पविरामावर पडली तर ठीक. शब्दांच्या मधोमध पडली तर ते वाक्य फोडायचे. मग मजकूर न दाखवता एखाद्याला एकदाच ऐकवा आणि विचारा, आधी कुठले धरण फुटले? उत्तर देताना तो अडखळला, तर दोष मसुद्यात आहे.

शेवटची प्रत छापताना एका ओळीत एकच वाक्य ठेवा, आणि वाक्य अर्धे या पानावर, अर्धे पुढच्या पानावर असे होऊ देऊ नका. सालही अक्षरांत लिहा: एकोणीसशे एकसष्ट. अंकात ते एका नजरेत मावते, तोंडाला मात्र दोन लांब शब्द लागतात, आणि घाईत जीभ नेमकी तिथेच अडखळते.