सहकाऱ्याच्या बढतीच्या पोस्टखाली मनापासून अभिनंदन कसं लिहावं

लिंक्डइनवर कुणाची बढती झाली की खाली ‘काँग्रॅच्युलेशन्स’ची रांग लागते. त्यातले बरेचसे शब्द साइटनेच तयार करून दिलेले असतात, आपण फक्त बोट लावतो. चांगली ओळख असलेल्या माणसासाठी एवढ्यावर भागवू नये.

समजा, अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीच्या मॅडम सीनियर इंजिनिअरवरून असिस्टंट मॅनेजर झाल्या आणि तुम्ही त्यांच्या हाताखाली काम केलंय.

आधी त्यांची पोस्ट शेवटपर्यंत वाचा. नवं पद नेमकं कोणतं आणि आभार कुणाचे मानलेत, ते बघा. पद चुकीचं लिहिलं की न वाचताच अभिनंदन केलंय, हे लगेच कळतं.

मग त्यांचं एकच काम आठवा, तुम्ही स्वतः पाहिलेलं. ‘मेहनती’, ‘हुशार’ हे शब्द कुणालाही चालतात, म्हणून ते कुणाचेच होत नाहीत. ‘सेकंड शिफ्टला थांबून गेज धरायला शिकवलं’ हे मात्र फक्त त्यांचंच. आठवत नसेल तर दोन शब्दांत अभिनंदन करा. ओढूनताणून लिहिलेलं कौतुक वाईट दिसतं.

आता लिहा:

‘मॅडम, मनापासून अभिनंदन! मी नवीन होतो तेव्हा सेकंड शिफ्टला थांबून तुम्ही मला गेज धरायला शिकवलंत. पहिला पीस ओके झाल्याशिवाय मशीन पुढे चालवायचं नाही, ही तुमची शिस्त आता आमच्या अंगवळणी पडली आहे. असिस्टंट मॅनेजर म्हणून तुम्ही आहात, म्हणजे नव्या पोरांची काळजी नाही.’

यात ‘मी’ आहे, पण त्यांचं काम दाखवण्यापुरताच. तिसऱ्या वाक्यात तुमचीच प्रगती सुरू झाली, तर खोडा.

पाठवण्याआधी एकदा ग्राहकाच्या नजरेने वाचा, कारण ही पोस्ट तोही बघतो. ‘त्या रिजेक्शनच्या वेळी तुम्ही वाचवलंत’ हे मनापासून आलेलं असलं, तरी कंपनीची आतली गोष्ट चव्हाट्यावर येते. ग्राहकाचं नाव, आकडे, तक्रारी काहीच नको. ‘अखेर मिळालं एकदाचं’ हेही टाळा. त्यात वरिष्ठांना टोमणा आहे, आणि त्याचं उत्तर देणं बिचाऱ्या मॅडमच्या गळ्यात पडतं. ‘पार्टी कधी?’ हे मिसळ खाताना समोरासमोर विचारा.

एरवी तुम्ही त्यांना ‘अगं’ म्हणत असाल, तरी इथे ऑफिसातलंच संबोधन ठेवा; त्यांच्या हाताखालचे लोकही वाचणार आहेत. मराठीत लिहायला संकोच नको. पण त्यांचे परदेशी सहकारी पोस्टवर बोलत असतील, तर शेवटी एक इंग्रजी ओळ जोडा.

नावापुढे @ लावून टॅग करायची गरज नाही, पोस्ट त्यांचीच असल्याने सूचना जातेच. नंतर शुद्धलेखनाची चूक दिसली, तर प्रतिक्रियेवरच्या तीन टिंबांतून ती दुरुस्त करता येते.