आंतरपिकाच्या प्लॉटचा निकाल संस्थेला कळवण्याआधी

मका आणि अळसांद्यांच्या प्लॉटचं पत्र शेतकरी संस्थेकडे जाण्याआधी वजनांची वही उघडायची आणि सलग पिकाचे, म्हणजे एकेकट्या घेतलेल्या मक्याचे आणि अळसांद्यांचे, दोन्ही आकडे आधी तपासायचे. आंतरपिकाचे आकडे नंतर. चूक बहुतेक वेळा सलग पिकाच्या आकड्यात लपलेली असते.

आमचे तिन्ही तुकडे भातकापणीनंतरच्या एकाच शेतात, प्रत्येकी १०० चौरस मीटरचे होते. सलग मक्याची ७२० कणसं भरली, सलग अळसांदे ७.५ किलो. मक्याच्या एका ओळीमागे अळसांद्यांच्या दोन ओळी, अशा आंतरपिकात ५०४ कणसं आणि ५.५ किलो अळसांदे. प्रत्येक पिकाचं आंतरपिकातलं उत्पन्न भागिले सलग उत्पन्न, आणि दोन्हींची बेरीज: ०.७० अधिक ०.७३, म्हणजे १.४३. आकडा पाहून मला फार आनंद झाला होता. मग सलग अळसांद्यांच्या तुकड्यात पुन्हा फिरून आले. मेरेकडच्या २५ चौरस मीटरमध्ये पाणी झिरपून बी कुजलं होतं. ७.५ किलो खरं तर ७५ चौरस मीटरचं होतं, १०० चौरस मीटरला १० किलो. ५.५ भागिले १० म्हणजे ०.५५, आणि बेरीज १.२५. म्हणून पत्रात १.२५ लिहायचं आणि मेरेची हकिकतही लिहायची. सलग पीक सभासदांच्या नेहमीच्या उत्पन्नापेक्षा कमी दिसलं तर आधी तिथेच जाऊन बघायचं.

१.२५ चा अर्थ सरळ शब्दांत लिहावा: एवढीच कणसं आणि एवढेच अळसांदे वेगवेगळे घ्यायचे तर १२५ चौरस मीटर जमीन लागली असती. हा जमिनीचा हिशेब, पैशांचा नव्हे. पैशांसाठी वेगळा परिच्छेद हवाच. फक्त कणसं विकणाऱ्याची २१६ कणसं कमी झाली आणि बदल्यात ५.५ किलो अळसांदे आले. कणीस १० रुपयांना धरलं तर २१६० रुपये भरून यायला अळसांदे किलोमागे जवळपास ३९३ रुपयांना जायला हवेत. तेवढा भाव मिळत नसेल तर त्याला ही जोडी घ्या म्हणून सांगू नये. उलट अळसांदे करणाऱ्याचे ४.५ किलो गेले आणि ५०४ कणसं आली. त्याच्यासाठी हे जमतं, फक्त अळसांदे जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर निघतात आणि मक्याला पाणी द्यावं लागतं. विहिरीला फेब्रुवारीत पाणी टिकतं का, हे त्याला आधी विचारावं.

कणसं मोजलेली, अळसांदे वाळवून तोललेले, हेही लिहायचं. आमचे दोन्ही तुकड्यांतले अळसांदे एकाच दिवशी, एकाच अंगणात वाळवले होते.

शेवटी, हा एका हंगामाचा, एका शेताचा निकाल आहे, हे वाक्य तळाशी न टाकता पहिल्याच परिच्छेदात ठेवावं. चेअरमन सभेत पहिला परिच्छेदच वाचून दाखवतात.