‘कुल’ शब्द खोडला तेव्हा: कोर्ट आणि कराच्या कामासाठी बोर्डाचा ठराव

पुण्यातल्या एका छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत कंपनी सेक्रेटरी मॅडमच्या हाताखाली शिकायला लागलो, तेव्हा पहिल्याच महिन्यात दोन कामं एकदम अंगावर आली. एका गिऱ्हाइकाचा 4,80,000 रुपयांचा चेक परत आला होता आणि जीएसटीची कारणे दाखवा नोटीस आली होती. दोन्हीकडे सह्या करायला संचालकांना वेळ नव्हता. मी जुनी फाईल उघडली, तिच्यातलं कुलमुखत्यारपत्र उचललं, फक्त नाव बदललं आणि मॅडमसमोर ठेवलं.

त्यांनी लाल पेनाने ‘कुल’ हा शब्द खोडला. म्हणाल्या, "कंपनीची सगळी सत्ता द्यायचीय का याला?"

तोपर्यंत मी ठराव आणि मुखत्यारपत्र एकच धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ठराव म्हणजे बोर्डाचा निर्णय, तो मिनिट बुकात राहतो. मुखत्यारपत्र त्या निर्णयातून निघालेला, बाहेर दाखवायचा दस्त. ठरावात नसलेला अधिकार मुखत्यारपत्रात घुसवला, तर त्याला आधार राहत नाही. आमच्याकडे कंपनीचा शिक्का नव्हता (2015 पासून तो ऐच्छिक आहे), म्हणून कंपनी कायद्यातल्या तरतुदीप्रमाणे दोन संचालकांच्या सह्या घेतल्या. एक संचालक आणि कंपनी सेक्रेटरी यांच्या सह्याही चालतात. मग नोटरी केलं.

ठरावाचा मसुदा तीनदा फिरला. शेवटी कोर्टाचा भाग साधारण असा झाला: ‘श्री. अमुक, वसुली व्यवस्थापक, यांना सदर चेकबाबत फौजदारी तक्रार दाखल करणे, तिच्यावर व शपथपत्रावर सही करणे, वकील नेमून वकीलपत्र देणे, साक्ष देणे व कागदपत्रे परत घेणे, एवढे अधिकार देण्यात येत आहेत. तडजोड, तक्रार मागे घेणे किंवा रक्कम सोडून देणे यासाठी बोर्डाची पूर्वलेखी संमती लागेल.’ दुसरं वाक्य मी आधी लिहिलंच नव्हतं. लोक अदालतीत समोरचा म्हणतो, तीन लाख आत्ता घ्या आणि मिटवा. आपला माणूस दमलेला असतो, तो सही करून मोकळा होतो.

नाव निवडतानाही मी चुकलो होतो. कोर्टाच्या जवळ राहतो म्हणून मी अकाउंट्समधला एक सहायक सुचवला होता. पण साक्ष द्यायची तर व्यवहाराची माहिती हवी, निदान कागदपत्रांवरून झालेली तरी. उलटतपासणीत ‘माल कधी पाठवला?’ असं विचारल्यावर ‘मला सांगण्यात आलं’ हे उत्तर कामाचं नाही.

खरा घोळ आठ महिन्यांनी झाला. व्यवस्थापक नोकरी सोडून गेले आणि जाताना त्यांनी आपल्या जागी त्याच सहायकाला साध्या पत्राने अधिकार देऊन टाकले. आरोपीच्या वकिलांनी पुढच्याच तारखेला हरकत घेतली आणि हरकत बरोबर होती. ए. सी. नारायणन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली म्हटलं आहे, की मुखत्यारपत्रात स्पष्ट परवानगी नसेल तर मुखत्याराला आपले अधिकार दुसऱ्याकडे सोपवता येत नाहीत. आम्ही बोर्डाची सभा घेऊन नवा ठराव केला आणि प्रतिनिधी बदलण्यासाठी कोर्टात अर्ज दिला. तक्रार टिकली, तारखा मात्र वाया गेल्या. तेव्हापासून ‘हे अधिकार पुढे सोपवता येणार नाहीत, माणूस बदलायचा तर बोर्ड बदलेल’ हे वाक्य आमच्या प्रत्येक ठरावात असतं.

कराचा भाग मॅडमनी वेगळ्या ठरावात घालायला लावला. कारण साधं आहे: कोर्टात दाखवायच्या कागदावर कराच्या वादाचा तपशील कशाला? त्यात नोटिशीचा क्रमांक, आर्थिक वर्ष, उत्तर दाखल करणे, सुनावणीला हजर राहणे आणि कागद सादर करणे एवढंच ठेवलं. मागणी मान्य करणं किंवा अपील सोडून देणं बाहेर. अपील करायचं तर आदेश मिळाल्यापासून तीन महिने असतात आणि वादातल्या कराच्या 10% रक्कम आधी भरावी लागते, म्हणून ‘आदेश आल्यापासून सात दिवसांत बोर्डाला कळवावे’ असंही टाकलं. आयकराचं विवरणपत्र मात्र मी उगाच यादीत घातलं होतं. आपल्यासारख्या भारतीय कंपनीचं विवरणपत्र एरवी व्यवस्थापकीय संचालक पडताळून देतात, त्यांना अडचण असेल तर दुसरे संचालक. आपल्या मुखत्यारपत्राने ते काम व्यवस्थापकाकडे जात नाही.

दोन्ही ठरावांना मुदत घातली: प्रकरण संपेपर्यंत किंवा माणूस कंपनीत असेपर्यंत, जे आधी होईल ते. तरी व्यवस्थापक गेले त्या दिवशी जीएसटी पोर्टलवर त्यांचं नाव अधिकृत स्वाक्षरीकर्ता म्हणून तसंच होतं. ते काढायचं काम कुणाच्याच यादीत नव्हतं. आता राजीनामा आला की एचआरचा फॉर्म माझ्याकडे येतो, आणि त्यावर मी पहिला रकाना हाच ठेवला आहे: ‘मुखत्यारपत्र परत घेतले का?’