जांघेत कळ आणि फेंगडी चाल: आठव्या-नवव्या महिन्यात कूस कशी बदलायची

आठवा लागला की कोल्हापुरात प्रत्येक गरोदर बाईला दोन सल्ले फुकट मिळतात. रंकाळ्यावर रोज फेरी मार, आणि उकिडवी बसून फरशी पूस, म्हणजे बाळंतपण सोपं जातं. जिच्या पुढच्या हाडात कळ आहे, तिच्यासाठी दोन्ही सल्ले वाईट. मी फिजिओथेरपिस्ट आहे. अशा पुष्कळ जणींना तपासलंय आणि दुसऱ्या खेपेला हे दुखणं स्वतःही काढलंय, त्यामुळे जरा तिखट लिहिते.

दुखणं तेच आहे का?

ओटीपोटाच्या अगदी खाली, मधोमध जे हाड लागतं, तिथे बोट दाबल्यावर दुखतं का? सलवार घालताना एक पाय उचलला की चमक येते का? जिना चढताना, रिक्षातून उतरताना, अंथरुणात कूस बदलताना कळ जांघेत किंवा मांडीच्या आतल्या बाजूला जाते का? कधी हाडात ‘कट्ट’ असा आवाज येतो का? असं असेल तर बहुधा हेच. डॉक्टरांच्या कागदावर त्याला सिम्फिसिस प्युबिस डिसफंक्शन किंवा एसपीडी लिहिलेलं दिसेल. हल्ली पेल्विक गर्डल पेन असंही म्हणतात.

कमरेच्या कड्याची दोन हाडं समोर एकमेकांना भेटतात, तिथे मध्ये कूर्चेची चकती असते. एरवी ही फट 4 ते 5 मिलीमीटर असते आणि गरोदरपणात सांध्याचे बंध सैल झाले की ती आणखी 2-3 मिलीमीटर वाढते. ते सगळ्यांचंच होतं. दुखतं ते मात्र दोन बाजू सारख्या हलत नाहीत तेव्हा. जुन्या वाड्याच्या दाराच्या दोन फळ्या आठवा. बिजागऱ्या सैल झाल्या आणि एकच फळी ढकलली की कडी मधोमध करकरते, तसं. चालताना एका पायावर भार आला की समोर ओढ बसते. ती चुकवायला बाई पाऊल उचलायचंच टाळते आणि डोलत, फेंगडी चालते. त्यावर घरात हसू नये.

‘फट किती वाढली’ हे विचारत बसू नका. फट आणि दुखणं यांचा हिशेब जुळत नाही. फट 10 मिलीमीटरच्या पुढे गेली तर ती वेगळी गोष्ट, पण ते क्वचित होतं. आणि हे कॅल्शियम कमी पडल्याने होत नाही. गोळ्या चालू असतील तर त्या घ्याच, पण त्या या कळेवर नाहीत.

लघवीला आग, ताप, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, ठरावीक अंतराने पोट कडक होणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, एकाच पोटरीला सूज, दोन मांड्यांच्या मध्ये बधिरपणा, किंवा पायावर भारच देता न येणं, यातलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दिवसभराचं थोडक्यात

कपडे बसून घाला. जिना एकेक पायरी घ्या, चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी. गाडीत आधी बूड टेका, मग दोन्ही गुडघे जुळवून एकदम आत वळा, सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरली की अंग सहज फिरतं. दुचाकी बंद. भारतीय संडासावर कमोडची खुर्ची ठेवा. कडेवर थोरलं मूल घेऊ नका, ते कितीही रडलं तरी.

बेल्टबद्दल एवढंच की पोट उचलून धरणारा रुंद पट्टा वेगळा आणि या दुखण्यावरचा पट्टा वेगळा. हा अरुंद असतो, पोटाच्या खाली खुब्यांवरून बांधायचा. बांधून चार पावलं टाका. लगेच बरं वाटलं तर तो तुमच्या कामाचा, नाही वाटलं तर परत करा. झोपताना काढायचा.

वेदनेवर पॅरासिटामॉल, तेही तुमच्या डॉक्टरांना विचारून. मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणू नका, विशेषतः 20 आठवड्यांनंतर. त्याने बाळाच्या मूत्रपिंडावर आणि गर्भजलावर परिणाम होऊ शकतो. त्यांचं मलमही विचारल्याशिवाय नको.

खरी लढाई रात्रीची

दिवसा बाई सावध असते. रात्री झोपेत, लघवीची घाई झालेली, एक पाय उचलून पलीकडे टाकते आणि किंचाळत जागी होते. मला स्वतःला हे 31व्या आठवड्यात सुरू झालं. लोकांना शिकवणारी मी, तरी तीन आठवडे चुकत होते. गुडघ्यांमध्ये उशी होती, पण ती फक्त गुडघ्यांमध्येच. वरचं पाऊल खाली लोंबायचं आणि त्यासोबत खुबा आत वळायचा. शिवाय कूस बदलताना उशी घसरायची, गुडघे फाकायचे आणि कळ यायची. म्हणून पहिला नियम: उशी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत लांब हवी. गोधडीची घट्ट गुंडाळी सगळ्यात उत्तम, ती दबत नाही.

दुसरी गोष्ट अंथरूण. खोल रुतणारी कापसाची गादी असेल तर तिच्यातून बाहेर यायलाच जोर लागतो. आणि सुती चादरीवर सुती गाऊन म्हणजे अंग चिकटून राहतं, वरचं धड फिरतं, कंबर मागे राहते आणि पीळ बरोबर त्या सांध्यावर बसतो. कमरेखाली जुनी नायलॉनची किंवा शिफॉनची साडी चौपदरी घालून आडवी अंथरा, कडा गादीखाली खोचा. अंग सरकलं पाहिजे. फक्त खाली उतरताना पाय तिच्यात अडकणार नाहीत एवढं बघा.

आता कूस. डाव्या कुशीवर आहात आणि उजवीकडे जायचंय असं धरू. जागं झाल्यावर लगेच हलू नका. दोन्ही गुडघे थोडे वाकवा आणि गुंडाळी गुडघ्यांनी हळूच दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. असं पाच वेळा. जोर लावायचा नाही, पिकलेला आंबा दाबून बघतो तेवढाच दाब. याने मांडीच्या आतले स्नायू जागे होतात आणि दोन्ही फळ्या एकत्र धरल्या जातात. दाबतानाच कळ वाढली तर सोडून द्या, पुढचं करा.

मग श्वास सोडत, लघवी रोखल्यासारखं आतून आवळा आणि खांदा, पोट, गुडघे सगळं एकाच वेळी फिरवा, ओंडका लोटावा तसं. गुडघे एकमेकांपासून सुटता कामा नयेत. मध्ये क्षणभर उताणं व्हाल, ते चालतं, तिथे थांबू नका, तसंच उजव्या कुशीवर जा. उताणं होतानाच कळ येत असेल तर उलट बाजूने, हातांवर आणि गुडघ्यांवर ओणवं होऊन पलीकडे जा. माझ्या बऱ्याच पेशंट्सना नवव्या महिन्यात हेच सोपं पडतं.

आणि ‘डाव्याच कुशीवर झोप’ हा हट्ट सोडा. 28 आठवड्यांनंतर उताणं झोपू नये हे खरं, पण उजवी कूसही चालते. रात्रभर एकाच खुब्यावर पडून राहिलं की सकाळी तोही ठणकतो.

उठताना कुशीवरूनच काठाशी या, दोन्ही पाय जोडून खाली सोडा, हाताने रेटा देऊन बसा. बसल्यावर गुडघ्यांमध्ये मूठ धरून पुन्हा दोन-तीनदा दाबा, मग उभं राहा. पहिली पावलं वितभर टाका.

मंगळवार पेठेतली एक पेशंट 34व्या आठवड्यात आली, दुसरी खेप. आमच्याकडच्या बायकांसारखी पुरुषी बोलणारी. “कूस बदलायची म्हटलं की रडतो बघा मी, ताई.” तीन आठवडे अंगावर काढलेलं. सासूबाई म्हणाल्या, तालमीतल्या वस्तादाकडून सांधा बसवून घेऊ, पैलवानांचे खांदे बसवतो तो. मी स्पष्ट सांगितलं की खांदा निखळतो म्हणून बसवतात, इथे काही निखळलेलंच नाही. सैल सांध्याला झटका दिला तर दुखणं वाढेल.

तिचं सगळं तंत्र बरोबर करून घेतलं, तरी फरक नाही. मग विचारलं, झोपता कशावर? जमिनीवर गादी. रात्री चारदा उठायचं, आणि जमिनीवरून उठताना एक गुडघा उभा, एक टेकलेला, म्हणजे दर वेळी एकच फळी ढकललेली. त्या दिवशी नवऱ्याने बाहेरच्या खोलीतला दिवाण आत आणला. बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा वर जातील इतका तो बुटका होता, म्हणून दिवाणाच्या पायांखाली एकेक वीट दिली. आठवड्याने आली तेव्हा दुखणं गेलेलं नव्हतं, पण रात्री उठताना नवऱ्याला हाक मारावी लागत नव्हती.

प्रसूतीआधी टेप काढा

हे फारसं कुणी सांगत नाही. काठावर बसून, पावलं जमिनीवर ठेवून, गुडघे हळूहळू उघडा. कळ सुरू होते तिथे थांबा. घरातल्या कुणाला तरी शिवणाच्या टेपने दोन्ही गुडघ्यांच्या आतलं अंतर मोजू द्या. वर सांगितलेल्या पेशंटचं 30 सेंटीमीटर भरलं. तो आकडा फाइलच्या कव्हरवर मोठ्या अक्षरात लिहा आणि प्रसूतीच्या खोलीत शिरताना आधी तो दाखवा. जमेल तितकं पाय त्याच्या आत राहिले पाहिजेत. कुशीवर किंवा ओणवं होऊन कळा देता येतील का, हे डॉक्टरांशी आधीच बोला. पाय वर बांधायची वेळ आली तर दोन्ही एकदम उचलायचे आणि काम झालं की लगेच उतरवायचे. पाठीतलं इंजेक्शन घेणार असाल तर हा आकडा जास्तच महत्त्वाचा, कारण मग कळ जाणवत नाही आणि पाय किती फाकवले ते तुम्हाला कळणारच नाही. एवढ्या दुखण्यासाठी सिझेरियन लागत नाही.

बाळंत झाल्यावर बहुतेकींचं दुखणं काही आठवड्यांत उतरतं. तोवर कुशीचा नियम तोच. प्रसूतीनंतर उभंच राहता येत नसेल, किंवा हाडात काही फाटल्यासारखं वाटलं असेल, तर घरी जाण्याआधी एक्स-रे काढायचा का ते विचारा. आणि बाळाला पायांवर घेऊन अंघोळ घालायचं काम आजीकडे राहू द्या. पाय लांब करून जमिनीवर बसणं तिला जमतं, तुम्हाला अजून दीड-दोन महिने जमणार नाही.