आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाला नातवंडांचं भाषण: या चुका टाळा

आमच्याकडे आम्ही सहा नातवंडं, आजीला ऐंशी पूर्ण होणार म्हणून भाषण आणि मेसेज दोन्ही लिहायचं काम माझ्यावर आलं, कारण बाकी पाच जण "तुझं मराठी चांगलंय" म्हणून मोकळे झाले. पहिला ड्राफ्ट मी दहा मिनिटांत लिहिला आणि तो इतका बेकार होता की आज त्याच्यावरच हा सगळा लेख उभा आहे.

तो असा होता: "मायेचा सागर, वात्सल्याची मूर्ती आणि संस्कारांची खाण असलेल्या आमच्या प्रिय आजीस ८० व्या वर्षात पदार्पण केल्याबद्दल हार्दिक शुभेच्छा. ईश्वर आपणास उदंड आयुष्य देवो."

आता यात काय काय चुकलंय ते बघू.

आकडा

ऐंशी वर्षं पूर्ण झाली म्हणजे एक्याऐंशीवं वर्ष सुरू होतं. "८० व्या वर्षात पदार्पण" हे एकोणऐंशी पूर्ण झाल्यावर म्हणायचं, म्हणजे मी आजीला चक्क एक वर्ष मागे ढकललं होतं. केकवर, बॅनरवर, मेसेजमध्ये सगळीकडे ही चूक होते. सरळ "ऐंशी वर्षं पूर्ण" लिहा, घोळच नाही. आणि अंक बरोबर आहे का ते बॅनर छापायला द्यायच्या आधी बघा, कारण नंतर कोणीतरी काका बरोबर तिथेच बोट ठेवतात.

तू की आपण

घरी आम्ही आजीला "आजी, तू जेवलीस का" म्हणतो आणि कागदावर मात्र "आपणास", "आजीस". माईक हातात आला की जीभ अशी सरकारी पत्रासारखी वळते आणि आजीला वाटतं हा दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय. ज्या घरात आजीला "तुम्ही" म्हणतात तिथे तुम्हीच बरोबर, प्रश्न मानाचा नाही, रोज जे म्हणता तेच माईकवर म्हणा एवढंच. मोठ्याने वाचून बघा, जिथे हसू येईल तो शब्द काढून टाका. "शतायुषी हो" हाही असाच, तो मोठ्यांनी लहानांना द्यायचा आशीर्वाद, नातवाच्या तोंडी विचित्र वाटतो आणि ऐंशी झालेल्या बाईला शंभर म्हटलं की तिच्या डोक्यात लगेच "आता वीसच राहिली" असा हिशोब सुरू होतो. त्यापेक्षा "पुढच्या महिन्यात आपण दोघं बागेत जाऊन बसू" हे चालेल, पण खरंच जाणार असाल तरच.

मायेचा सागर

ही सगळ्यात मोठी चूक आणि सगळ्यात सोपीसुद्धा. सागर, मूर्ती, खाण हे कुठल्याही आजीला चिकटवता येतं, त्यात तुमची आजी कुठेच नाही. त्याऐवजी एकच प्रसंग घ्या आणि त्यात तिने केलेली एक हालचाल किंवा म्हटलेलं एक वाक्य तसंच्या तसं ठेवा. प्रसंग सापडत नसेल तर आजीच्या हातात तेव्हा काय होतं ते आठवा, त्या वस्तूला धरून गोष्ट येते. मला टॉर्च आठवला. लाईट गेली की आजी टॉर्च धरून बसायची आणि आमचे पाढे घ्यायची, स्वतःच मधेच चुकीचं बोलायची, "सात आठे चोपन्न", आणि आम्ही ओरडायचो "छप्पन्न!". हे आम्हा सहाही जणांना लागू होतं त्यामुळे कोणाचं नाव राहिलं असं झालं नाही. नाहीतर प्रत्येकाची एक आठवण घातली की सहा मिनिटं जातात आणि तिसऱ्या नातवापासून पाहुणे मोबाईल काढतात.

दोन मिनिटं पुरतात. सावकाश बोललात तर साधारण दोनशे शब्द होतात, घड्याळ लावून एकदा बघाच.

पैशाची गोष्ट

माझ्या चुलत बहिणीला दुसरीच गोष्ट घालायची होती, आजीने एकदा बांगडी मोडून कोणाची तरी फी भरली ती. गोष्ट फार सुंदर, पण मी आत्याला फोन केला तर कळलं की ती फी कोणाची होती हे घरात निम्म्या लोकांना माहीतच नाही आणि आजीलाही ते सांगायचं नव्हतं. मग आम्ही ती काढली. पैसे, जमीन, आजारपण, कोणाशी झालेला अबोला, हे प्रेमापोटी सांगितलं तरी समोर बसलेल्यांपैकी कोणीतरी दुखावतं आणि नंतर ते आजीलाच निस्तरावं लागतं. जो प्रसंग निवडाल तो आजीच्या मुलीला किंवा सुनेला आधी ऐकवा, पाच मिनिटांचं काम आहे. आजोबा नसतील तर त्यांचा उल्लेख जरूर करा पण मधे, एका वाक्यात. शेवटी ठेवलात तर आजी रडतेय आणि समोर केक आणून ठेवलाय असं होतं.

आजीला ऐकू येतंय का

यावर कोणी विचारच करत नाही आणि इथेच अर्धं भाषण वाया जातं. वय झालं की बहुतेकांना बारीक, उंच आवाज आधी ऐकू येईनासे होतात, म्हणजे बोलणं कानावर येतं पण स, श, फ, त असे आवाज गळून जातात, त्यात मागे गाणी चालू असतील तर शब्दच कळत नाहीत. म्हणून गाणी बंद करा. ओरडू नका, ओरडल्याने शब्द आणखी फाटतात. तिच्यासमोर उभे राहून, तोंड दिसेल असं, हळू बोला, आणि कागद किंवा माईक तोंडासमोर धरू नका, हनुवटीखाली धरा. श्रवणयंत्र असेल तर ते चालू आहे का ते कार्यक्रमाआधी कोणीतरी शांतपणे बघून घ्या.

"आजी, आठवतंय का तुला?" असं तर विचारूच नका. नाही आठवलं तर सगळ्यांसमोर तिची परीक्षा होते. विसरायला होत असेल तर आधी स्वतःचं नाव आणि नातं सांगा, मग गोष्ट आपणच पूर्ण करा.

भाषण मोबाईलवरून वाचायचं असेल तर स्क्रीन मधेच बंद होते, कागदच बरा, मोठ्या अक्षरात. मधे गळा दाटून आला तर थांबा, घोटभर पाणी प्या, आणि शेजारी एखाद्या भावंडाला दुसरी प्रत देऊन ठेवा म्हणजे तो पुढे वाचेल. मेसेजही मोठ्या अक्षरात छापून पाकिटात द्या, फोनवरचा तिने चष्मा शोधेपर्यंत वर सरकून जातो.

शेवटी आमचा मेसेज एवढाच उरला: "आजी, ऐंशी पूर्ण झाली. टॉर्च अजून आहे, पाढे आता आम्ही घेतो. तुझी सहाही जणं." भाषणात तेच जरा मोठं करून सांगितलं, की तू मुद्दाम चुकायचीस म्हणून आम्हाला पाढे पाठ झाले.

आणि संपल्यावर लगेच माईक पुढच्या माणसाला देऊ नका, थोडं थांबा, आजीला काही बोलायचं असतं. आमच्या आजीने माईक मागून घेतला आणि म्हणाली, "मुद्दाम नाही रे, मला खरंच येत नव्हता सातचा." मी आत्याला सगळं विचारलं होतं, एवढं सोडून.